बिळाचा फोटो, आणि त्या फोटोत दडलेला पत्ता

प्रश्न: आमच्या वाडीमागच्या रानात खवले मांजराचं ताजं बीळ सापडलंय. फोनवर फोटो काढलेत, दोन छोटे व्हिडिओही आहेत. निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकायचे आहेत. मित्र म्हणतो, फोटोतच जागेचा पत्ता असतो आणि तो कुणीही काढू शकतं. खरं आहे का? व्हॉट्सॲप तो आपोआप पुसतं असंही ऐकलंय. की सरळ स्क्रीनशॉट काढून टाकू?

उत्तर: तुमचा मित्र बरोबर सांगतोय. व्हॉट्सॲपबद्दल ऐकलेलं अर्धंच खरं आहे, आणि ज्या अर्ध्यात ते खोटं ठरतं तिथेच निसर्गाच्या ग्रुपवरचे लोक सापडतात. स्क्रीनशॉटने काम भागतं, पण त्यापेक्षा चांगली वाट आहे. आजच्या दिवस काही टाकू नका, आणि मूळ फोटोंना हातही लावू नका. त्यातला पत्ता मूळ प्रतीत राहायलाच हवा. का ते पुढे येईलच.

फोनने काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये चित्राच्या आधी नोंदींचा एक भाग असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने 1995 मध्ये ही पद्धत ठरवली, आणि आजही जवळपास प्रत्येक कॅमेरा आणि फोन तीच वापरतो. फोटो कधी काढला, कुठल्या मॉडेलने, शटर किती वेळ उघडं होतं, फोन आडवा होता की उभा, अशा नोंदी त्यात असतात. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. त्या नोंदी वाचायला कुठलंही कसब लागत नाही. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम संगणकावर टाकला की एवढी एक ओळ पुरते:

```
exiftool -a -G1 -s IMG_20241117_074210.jpg
```

तुमच्या बिळाचे आकडे इथे कशाला, म्हणून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाजवळ काढलेल्या फोटोचा नमुना घेऊ. बऱ्याच ओळींमधल्या कामाच्या तेवढ्या अशा दिसतील:

```
[ExifIFD] DateTimeOriginal   : 2024:11:17 07:42:10
[ExifIFD] OffsetTimeOriginal : +05:30
[GPS]     GPSLatitude        : 18 deg 55' 19.20"
[GPS]     GPSLongitude       : 72 deg 50' 4.92"
[GPS]     GPSImgDirection    : 118
```

या पाच ओळी नीट वाचा. पहिल्या दोन सांगतात की फोटो भारतीय वेळेनुसार सकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी काढला. पुढच्या दोन जागा सांगतात. अक्षांशाचा 1 सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर. इथे तर सेकंदाचा शंभरावा भाग लिहिलाय, म्हणजे कागदावर तरी 30 सेंटीमीटरचा दावा. प्रत्यक्षात फोनचं जीपीएस इतकं अचूक नसतं. मोकळ्या आकाशाखाली 5 मीटरच्या आसपास चूक धरावी, दाट झाडीत किंवा घळीत त्याहून बरीच जास्त. आयफोनसारखे काही फोन या चुकीचा आपला अंदाजही मीटरमध्ये लिहून ठेवतात. पण बीळ शोधायला आलेल्या माणसाला 10 मीटरचा घेर म्हणजे दोन मिनिटांचं काम. आणि शेवटची ओळ सांगते की कॅमेरा 118 अंशांकडे, म्हणजे पूर्व आणि आग्नेय यांच्या मधल्या दिशेला रोखलेला होता. घळीच्या कुठल्या काठावर उभं राहून कुठे बघायचं, एवढं सगळं त्या एका फाईलमध्ये आहे.

एक गोष्ट फारसं कुणी ध्यानात घेत नाही. कॅमेरा उघडल्या उघडल्या फोटो काढला तर उपग्रहांवरून जागा ठरायला फोनला वेळ मिळालेला नसतो. मग तो हाताशी असलेली शेवटची जागा लिहून मोकळा होतो, आणि ती तुमच्या घराची असू शकते. म्हणून एका फोटोत रानाऐवजी वाडीतला पत्ता दिसला की निश्चिंत होऊ नका. त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोत बिळाचा पत्ता असेल, आणि या फोटोत तुमच्या अंगणाचा आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. 2012 च्या डिसेंबरमध्ये पोलिसांना हवा असलेला संगणक-उद्योजक जॉन मॅकॅफी लपत फिरत होता. त्याच्यासोबत असलेल्या पत्रकारांनी त्याचा आयफोनने काढलेला फोटो आपल्या संकेतस्थळावर जसाच्या तसा चढवला. वाचकांनी फाईल उघडली, अक्षांश-रेखांश वाचले, आणि तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. फोटो काढणारे आणि छापणारे दोघेही व्यवसायाने माध्यमातले होते. त्याआधी 2007 मध्ये इराकमधल्या अमेरिकी तळावर नवी अपाची हेलिकॉप्टर्स आली तेव्हा सैनिकांनी हौसेने त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले. त्या फोटोंतल्या लोकेशनवरून शत्रूने तोफगोळे डागून चार हेलिकॉप्टर्स उद्ध्वस्त केली, असं अमेरिकी लष्करानेच पुढे आपल्या जवानांना सावध करताना सांगितलं.

खवले मांजराच्या बाबतीत हेच जास्त गंभीर आहे, कारण हा प्राणी पळत नाही. धोका वाटला की तो अंगाचं वेटोळं करून बसतो. बिबट्यापुढे ते चालतं, पोतं घेऊन आलेल्या माणसापुढे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, तो आहे. 2016 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खवले मांजरांच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचं ठरलं. तरी खवल्यांची तस्करी चालूच आहे. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं. म्हणून तुमच्या हातातल्या फोटोतली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे बिळाचा पत्ता.

आता व्हॉट्सॲप. तुम्ही फोटो नेहमीसारखा, गॅलरीतून निवडून पाठवलात तर व्हॉट्सॲप त्याचं आकारमान घटवून नवी फाईल बनवतं. त्या नव्या फाईलमध्ये लोकेशनची नोंद राहत नाही. पण तोच फोटो तुम्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाईल जशीच्या तशी, सगळ्या नोंदींसह समोरच्याकडे पोहोचते. आणि निसर्गाच्या ग्रुपवर नेमकं हेच होतं. कुणीतरी म्हणतं, “खवले नीट दिसत नाहीत, फोटो फुटतोय, डॉक्युमेंट करून टाका ना.” मागणी रास्त असते, हेतूही चांगला असतो, आणि बिळाचा पत्ता दोनशे माणसांच्या फोनमध्ये जाऊन बसतो. टेलिग्रामवर फाईल म्हणून पाठवलं तरी तसंच. ईमेलला जोडलेला फोटो आणि ड्राइव्हवर ठेवून दिलेली लिंक, दोन्हीकडे मूळ फाईलच जाते. फेसबुक लोकांना दिसणाऱ्या प्रतीतून लोकेशन काढून टाकतं, पण तुम्ही चढवलेली फाईल कंपनीकडे गेलेली असतेच. मी म्हणून एकच नियम पाळतो: ॲप काय पुसतं याच्या भरवशावर राहायचं नाही, फाईल आपल्या हातून निघण्याआधीच कोरी करायची.

कोरी करायची ती प्रत, मूळ फोटो नाही. फोटोतले अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ हीच वनखात्याच्या आणि अभ्यासकांच्या कामाची नोंद आहे. कुठल्या उतारावर, कुठल्या महिन्यात ताजं बीळ होतं हे नंतर आठवणीने सांगता येत नाही. म्हणून सगळे मूळ फोटो आधी संगणकावर किंवा वेगळ्या कार्डावर एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा आणि पुढचं सगळं काम त्यांच्या नकलेवर करा. कॅमेऱ्याचं लोकेशन कायमचं बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. घरगुती फोटोंसाठी तो ठीक आहे. रानात फिरून नोंदी ठेवणाऱ्याला मी तो देणार नाही.

आयफोनवर काम सोपं आहे. फोटो निवडून शेअरचं बटण दाबलं की वरच्या बाजूला Options असं बारीक अक्षरात दिसतं. त्यात Location बंद करा, आणि All Photos Data चालू असेल तर तेही बंद करा. दुसरं विसरू नका. ते चालू राहिलं तर फोटो कापण्याआधीचं मूळ चित्रही सोबत जातं, म्हणजे कडेचं देऊळ तुम्ही कापलंत तरी समोरच्याला ते परत आणता येतं. हे दर वेळी तपासावं लागतं.

अँड्रॉइडवर कंपनीगणिक मेन्यू बदलतात. सॅमसंगच्या गॅलरीत फोटो वर सरकवला की तपशील दिसतात, तिथे Edit दाबून लोकेशनसमोरचं वजाचं चिन्ह दाबायचं आणि Save करायचं. हा बदल त्याच फाईलमध्ये होतो, म्हणून तो नकलेवरच करा. कुठल्याही अँड्रॉइड फोनवर चालेल असा माझ्या पसंतीचा मार्ग म्हणजे Scrambled Exif हे मोफत, खुल्या स्रोताचं ॲप. फोटो शेअर करताना व्हॉट्सॲपऐवजी आधी ते निवडायचं. ते नोंदी पुसून नवी प्रत बनवतं आणि लगेच ‘कुठे पाठवू’ असं पुन्हा विचारतं. मूळ फोटो तसाच राहतो. ग्रुपमधल्या ज्या मंडळींना संगणकाचा कंटाळा आहे त्यांना मी हेच बसवून देतो.

फोटो बरेच असतील तर संगणकच बरा. नकलांच्या फोल्डरमध्ये जाऊन ही ओळ द्या:

```
exiftool -all= --icc_profile:all -tagsfromfile @ -orientation -o kore/ *.jpg
```

नुसतं `-all=` दिलं तरी नोंदी जातात, पण मग दोन त्रास होतात. फोन उभा धरून काढलेला फोटो आडवा पडतो, कारण तो कसा धरला होता ही नोंदही पुसली जाते. काही फोटोंचे रंगही फिके दिसतात. या ओळीत त्या दोन नोंदी पुसण्यातून वगळल्या आहेत, आणि कोऱ्या प्रती `kore` नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. `-o kore/` हा भाग गाळलात तर प्रोग्रॅम जुनी फाईल नावापुढे `_original` लावून शेजारीच ठेवतो. मग अख्खं फोल्डर झिप करून पाठवलं की कोऱ्या प्रतीसोबत पत्ता असलेली प्रतही जाते. ही चूक कामात मुरलेल्या माणसांकडूनही होते.

फाईलचं नाव बदलायलाही विसरू नका. वरच्या नमुन्याच्या नावातच 17 नोव्हेंबर 2024 ही तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ आहे, आणि ती एक्झिफ पुसून जात नाही.

व्हिडिओंचं प्रकरण वेगळं. फोटोंसाठीची ॲप्स बहुतेक वेळा व्हिडिओला हात लावत नाहीत, आणि व्हिडिओतही जागा लिहिलेली असते. ती `+18.9220+072.8347/` अशा एका ओळीत असते. एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रॅमने चित्र न बिघडवता ती काढता येते:

```
ffmpeg -i bil.mp4 -map_metadata -1 -c copy kora.mp4
```

मग `kora.mp4` वर पहिली एक्झिफटूलची ओळ चालवून नोंद खरंच गेली का ते पाहा. आवाजही ऐका. “अरे, सड्यावरच्या देवळामागं ये” असं मागून कुणी ओरडलेलं असेल तर अक्षांश-रेखांश पुसून काय मिळवलं? बिळाच्या व्हिडिओचा आवाज मी सरळ काढूनच टाकतो. आयफोनचे लाइव्ह फोटो आणि अँड्रॉइडचे मोशन फोटो यांच्यातही छोटा व्हिडिओ दडलेला असतो. ते आधी साधे, स्थिर फोटो करून घ्या.

स्क्रीनशॉटबद्दल तुम्ही विचारलंत. फोटोचा स्क्रीनशॉट काढला की मूळ फोटोतलं लोकेशन त्यात येत नाही. घाई असेल तर चालेल. पण खवल्यांचे बारकावे जातात, वरच्या पट्टीत वेळ दिसते, आणि फोटोच्या तपशिलाचं पान उघडं असताना काढला तर नकाशाचा तुकडाच चित्रात येतो. स्क्रीनशॉट कापूनही निर्धास्त होऊ नका. गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या कापाकापीच्या सोयीत एक दोष होता. कापलेला भाग फाईलच्या शेवटी तसाच राहायचा आणि बऱ्याच वेळा परत मिळवता यायचा. मार्च 2023 मध्ये तो दुरुस्त झाला, पण त्याआधी कापून पाठवलेल्या फाईली तशाच राहिल्या.

काम झालं की नाही हे गॅलरीत नकाशा दिसतो का यावर ठरवू नका. नेट नसेल तर नोंद असूनही नकाशा उघडत नाही. उलट काही ॲप्स फाईलमध्ये काहीच नसताना अंदाज बांधून जागा दाखवतात. खात्रीचा उपाय म्हणजे ज्या मार्गाने पाठवणार त्याच मार्गाने आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा, तिथे आलेली फाईल संगणकावर उतरवा आणि एक्झिफटूलने वाचा. `GPS` ही अक्षरं असलेली एकही ओळ नको.

इथपर्यंत फाईल कोरी झाली. चित्र अजून बोलतंय. बिळाचे फोटो तपासताना मी आधी कडा पाहतो, मधलं बीळ नंतर. मागे डोंगराची ओळखीची कड, मोबाइलचा टॉवर, वीजखांबावर रंगवलेला क्रमांक, पाणंदीचं वळण, गडग्याची मोडलेली बाजू, यातलं काहीही त्या भागात वावरणाऱ्याला पुरेसं असतं. आणि चोरटा शिकारी बऱ्याचदा त्याच भागातल्या कुणाला तरी हाताशी धरून येतो. म्हणून फोटो बिळाच्या तोंडापर्यंतच कापा: माती, नखांचे ओरखडे, मापासाठी ठेवलेली काडी. मजकुरात गावाचं नाव नको, तालुकाही नको, जिल्हा पुरे. “आज पहाटे” असंही लिहू नका. एक-दोन आठवडे जाऊ द्या, मग टाका.

आणि शेजारचे फोटो विसरू नका. त्याच सकाळी तुम्ही वाटेतल्या रानफुलांचेही फोटो काढले असतील. बिळाचा फोटो कोरा, पण त्याच खात्यावर पाच मिनिटांच्या अंतराने काढलेलं फूल लोकेशनसकट टाकलं, तर पत्ता गेलाच. आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर हे नीट समजतं. संकटग्रस्त जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते आणि साधारण 20 किलोमीटरच्या चौकटीतला कुठलातरी ठिपका दाखवला जातो. नेमकी तारीखही दाखवत नाहीत, फक्त महिना दिसतो, म्हणजे त्या दिवसाच्या तुमच्या बाकीच्या नोंदींशी जोडून कुणी जागा काढू नये. तिथे नोंद करत असाल तर त्या फेरीतल्या बाकीच्या नोंदींचीही जागा स्वतःहून Obscured करा.

पत्ता मिळायला हवा तो वनखात्याला. 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर कळवा, किंवा तुमच्या भागातल्या वनरक्षकांना प्रत्यक्ष भेटा. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून त्यांना एकट्यांनाच पाठवा. ते म्हणतील तर अक्षांश-रेखांश कागदावर लिहून द्या, वाटेत फाईल दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नको. त्यांनी तिथे ट्रॅप कॅमेरा लावला आणि त्यातली चित्रं तुम्हाला दिली, तर तीही याच चाळणीतून न्या. त्या चित्रांच्या खालच्या पट्टीवर तारीख, वेळ, तापमान आणि कॅमेऱ्याला दिलेलं नाव छापलेलं असतं. ते नाव बरेचदा जागेचंच असतं. ती पट्टी कापूनच काढावी लागते.

फोटो घाईत आधीच डॉक्युमेंट म्हणून एखाद्या ग्रुपवर गेला असेल तर तो लगेच ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. व्हॉट्सॲप त्यासाठी दोन दिवसांच्या आसपास मुदत देतं. पण तेवढ्यात कुणी तो उतरवून घेतला किंवा पुढे पाठवला असेल तर ती प्रत तुमच्या हाती राहत नाही. तसं झालं असेल तर ग्रुपवर चर्चा करू नका, कारण त्याने लक्ष त्याच फोटोकडे जातं. ॲडमिनला एकट्याला सांगा, आणि फोटो किती वाजता, किती जणांच्या ग्रुपवर गेला हे वनरक्षकांना त्याच दिवशी कळवा. बिळावर गस्त कधी वाढवायची हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.